कोट नसताना वेस्टकोट

रिसेप्शनच्या स्टेजवर नवरा-नवरीच्या बाजूला उभं राहण्याआधी एक तरुण तिथल्या आजीबाईंच्या पाया पडायला वाकला. राखाडी वेस्टकोट, त्याच कापडाची पँट, पांढरा शर्ट, मरून टाय. सगळं नवं, सगळं कडक इस्त्रीचं. वाकून तो उठला तेव्हा वेस्टकोट वर सरकला होता आणि त्याच्याखालून शर्टाचा चार बोटं रुंद पांढरा पट्टा बाहेर आला होता. त्याने दोन्ही हातांनी वेस्टकोट खाली ओढला. पुढे मावशी होत्या, त्यांच्याही पाया पडला आणि पुन्हा तेच. मग फोटोसाठी हात मित्राच्या खांद्यावर गेला, पट्टा परत आला. पाठ लोकांकडे झाली तेव्हा हॅलोजनच्या उजेडात त्याची चकचकीत काळी सॅटिनची पाठ आणि मधोमध ओढून बांधलेलं बकल दिसलं, बकलाच्या दोन्ही बाजूंना चुण्याच चुण्या. देखणा मुलगा होता, मनापासून नटून आला होता, आणि संध्याकाळभर त्याचा एक हात त्या कपड्याच्या कडेवरच होता. कपडा निवडताना चूक झाली होती असं मला वाटत नाही. सूट नको, पण नुसता शर्टही नको, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. बिनसलं ते पुढे, शिलाईत आणि मापात.

सूट नको वाटण्याची कारणं आपल्याकडे खरी आहेत. लग्नं मे महिन्यात असतात, लॉनवर असतात, संध्याकाळी सातलाही जमीन तापलेली असते. कोटाला छातीत कॅनव्हास किंवा फ्यूजिंग, आत पूर्ण अस्तर आणि खांद्यात पॅड, म्हणजे अंगावर तीन-चार थर. शिवाय रिसेप्शनला बहुतेक वेळा नवरा स्वतःच सुटात असतो. नवरीचा चुलतभाऊ किंवा नवऱ्याचा ऑफिसमधला मित्र त्याच गडद निळ्या सुटात शेजारी उभा राहिला की फोटोत कोण कोण हे क्षणभर कळत नाही. नुसत्या शर्ट-पँटमध्ये गेलं तर ऑफिसमधून थेट आल्यासारखं दिसतं. वेस्टकोट या दोघांच्या मधली जागा नेमकी भरतो. पाहुणा, मित्र, भाऊ, दीर यांच्यासाठी तो पुरेसा आहे. नवरीच्या वडिलांनी मात्र कोट घालावा किंवा सरळ कुर्ता-बंडी घालावी असं माझं मत आहे. यजमान दारात उभा असतो, आणि कोट काढून ठेवल्यासारखं दिसणं त्या जागी शोभत नाही.

हे 'काढून ठेवल्यासारखं' दिसणं हाच सगळ्या अडचणींचा उगम आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने 1666 साली दरबारात हा कपडा रूढ केला तेव्हाही तो कोटाच्या आत घालायचा होता. पुढे त्याची लांबी गुडघ्यापासून कमरेपर्यंत आली, बाह्या गेल्या, पण आतला कपडा ही त्याची ओळख राहिली. थ्री-पीस सुटातला वेस्टकोट आजही तसाच बेततात. पुढचे दोन भाग कापडाचे, पाठ अस्तराची, कारण वरून कोट सहज सरकला पाहिजे आणि जे दिसणार नाही तिथे महाग कापड कशाला. पाठीवरची पट्टी आणि बकल घेर आवळण्यासाठी, कारण मापात थोडं कमीजास्त झालं तरी कोट ते झाकतो. मुंढा खोल, कारण वरच्या कोटाच्या बाहीला जागा हवी. लांबी जेमतेम, कारण खाली कोट आहेच. आपल्या बंडीकडे पाहा. ती सगळ्यात वर घालायची म्हणूनच शिवतात, त्यामुळे तिची पाठ त्याच कापडाची, मुंढा बेताचा, घेर शिवणीतच बसवलेला. कोटाशिवाय घालायचा वेस्टकोट शिवताना टेलरमास्तरांना पहिलं वाक्य हेच सांगावं लागतं: यावर कोट येणार नाही.

त्यानंतर पहिली गोष्ट पाठीची. पाठ पुढच्याच कापडाची घ्यावी. रिसेप्शनमध्ये पाहुण्याची पाठ लोकांना पोटापेक्षा जास्त वेळ दिसते. स्टेजच्या रांगेत मागचा माणूस पाठच पाहत असतो, बुफेच्या रांगेतही तेच. सॅटिनवर फ्लॅश पडला की तेवढाच भाग उजळतो, आणि घामाचा डागही त्यावर आधी दिसतो. अख्खा वेस्टकोट एकाच कापडात करायला दुहेरी पन्ह्याचं, म्हणजे 58 इंची कापड साधारण एक मीटर लागतं. अस्तराची पाठ असेल तर पाऊण मीटरमध्ये भागतं. पँटला सव्वा मीटर. म्हणजे दोन्ही मिळून सव्वादोन मीटर, आणि ते एकाच तुकड्यातून कापून घ्यावं. दुकानदार 'तोच नंबर आहे' म्हणून दुसऱ्या ताग्यातून वेस्टकोटाचं कापड देत असेल तर दोन्ही कापडं दुकानाबाहेर उन्हात धरून पाहावीत. रंगाईच्या दोन खेपांमध्ये छटेचा फरक पडू शकतो, आणि दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली न दिसलेला तो फरक लॉनवरच्या पिवळ्या दिव्यांत कमरेशी सरळ रेषेत उमटतो.

घरात आधीच अस्तराच्या पाठीचा वेस्टकोट असेल तर तो टाकायची गरज नाही. बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी उसवून पाठ बदलता येते, त्याला पाऊण मीटरपर्यंत कापड लागतं. तेच कापड मिळत नसेल तर त्याच रंगाचं, चमक नसलेलं सुती किंवा व्हिस्कोसचं कापड लावावं. रंगात किंचित फरक राहिला तरी चालतो, चमकेचा फरक डोळ्यात जातो. बकल ठेवायचं की नाही हा आवडीचा प्रश्न. मला ते नुसतं टेकलेलं, न आवळलेलं आवडतं. बकल ओढल्याशिवाय वेस्टकोट अंगावर बसत नसेल तर तो मोठा आहे. ओढल्यावर कमर दिसते खरी, पण कापड कुठेतरी जमा होणारच, आणि ते पाठीवर चुण्या होऊन जमा होतं. जास्तीचं कापड बाजूच्या शिवणीत आणि पाठीच्या टक्समध्ये घेणं हाच उपाय.

आता त्या पांढऱ्या पट्ट्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथे होते आणि दोष बहुतेक वेळा वेस्टकोटाचा नसतोच. तो पँटचा असतो.

एक उदाहरण मापांसकट घेऊ. उंची पाच फूट आठ इंच, छाती 40, पोट थोडं सुटलेलं. रोजची फॉर्मल पँट हल्लीच्या पद्धतीची, म्हणजे जांघेच्या शिवणीपासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत समोरून नऊ इंच. ही पँट बेंबीच्या बरीच खाली, जवळजवळ हाडावर बसते. मानेच्या मणक्यापासून खाली मोजलं तर पाठीमागे तिची वरची कड साडेवीस इंचांवर येते. वेस्टकोटाची पाठीची लांबी 21 इंच. म्हणजे सरळ उभं असताना कापडावर कापड फक्त अर्धा इंच. वाकलं की पाठ लांबते, वेस्टकोट मात्र मुंढ्यात आणि खांद्यावर अडकलेला असल्याने तेवढाच राहतो आणि दीड-दोन इंच सहज वर जातो. वर पँट कमरेवरून थोडी घसरते. शर्ट दिसणारच. समोरही तीच गत. शेवटच्या बटणाखाली वेस्टकोटाची दोन टोकं उलट्या 'व्ही'सारखी फाकतात, आणि त्या फटीतून शर्टाचा त्रिकोण किंवा बेल्टचं बकल डोकावतं.

पहिला विचार येतो तो वेस्टकोट लांब करण्याचा. एक इंच वाढवला तर चालतो. त्यापुढे वाढवला की त्याची टोकं मांडीपर्यंत येतात, पाय आखूड दिसतात, आणि खुर्चीत बसल्यावर मांड्या तो कपडा वर ढकलतात, तेव्हा पुढचा गळा हनुवटीकडे उचलला जातो. दुरुस्ती पँटमध्ये करावी. समोरची ती नऊ इंचांची लांबी अकरा करायला सांगावी. पँटची वरची कड दोन इंच चढते, पाठीमागे साडेअठरावर येते, आणि तोच 21 इंची वेस्टकोट तिला अडीच इंच झाकतो. वाकण्यात दोन इंच गेले तरी अर्धा इंच शिल्लक. समोरची फटही पँटच्या कापडावरच उघडते, आणि वेस्टकोट-पँट एकाच कापडाची असतील तर ती नजरेत भरतही नाही. अशी पँट घालून पहिल्यांदा आरशात पाहिलं की जुन्या काळातल्या आजोबांसारखं वाटतं, हे खरं आहे. वेस्टकोट वर चढवला की ते वाटणं जातं, कारण कमरपट्टी मुळी दिसतच नाही. पाय मात्र लांब दिसतात.

वर चढलेली पँट वरच राहायला हवी. बेल्टने ते नीट होत नाही. बेल्टचं बकल वेस्टकोटाच्या टोकांखाली उंचवटा करतं आणि टोकं पुढे उभी राहतात. त्यामुळे बेल्टचे लूप न लावता कमरपट्टीच्या दोन्ही बाजूंना घट्ट-सैल करता येणाऱ्या पट्ट्या लावून घ्याव्यात. पोट सुटलेलं असेल तर त्याहून चांगले गॅलिस. पोटावरून पँट घसरते ती कमरेला आवळून थांबत नाही, खांद्यावरूनच टांगावी लागते. त्यासाठी कमरपट्टीच्या आतून सहा बटणं, समोर दोन्हीकडे दोन-दोन आणि मागे दोन. चिमट्याचे गॅलिस टाळावेत, नाचताना ते सुटतात आणि कापडावर दात उमटवतात. वेस्टकोट बंद असताना गॅलिस दिसत नाहीत. उकडलं म्हणून वेस्टकोटाची बटणं उघडून फिरायचा विचार असेल तर तो सोडावा, उघडा वेस्टकोट कसाही शिवला तरी लोंबतो.

पोट असलेल्यांच्या मापात आणखी एक गोष्ट राहून जाते. टेलरमास्तर छाती आणि कंबर घेतात, पण पोटाच्या फुगवट्यावरून जाताना पुढच्या भागाला जास्त लांबी लागते. तेवढा इंचभर समोर वाढवला नाही तर पुढची टोकं उचलली जातात आणि मागचा भाग लोंबल्यासारखा दिसतो. माप घेताना टेप मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, छाती-पोटावरून पुढच्या टोकापर्यंत आणायला सांगावी. श्वास आत ओढून उभं राहू नये. जेवणानंतर पोट जिथे असतं तिथलं माप खरं.

घेर किती सैल असावा याचा अंदाज बटणं लावून घेता येतो. बंद बटणाशी आडव्या-तिरप्या रेघा फुलीसारख्या ओढल्या जात असतील तर घट्ट आहे. छातीशी अख्खी मूठ आत जात असेल तर सैल. तळवा सपाट सरकावा, मूठ वळू नये. मुंढा काखेच्या जवळ हवा. तो खोल असला की तिथून शर्टाचं कापड फुग्यासारखं बाहेर येतं, आणि हात उचलला की उलट जास्तच ताण पडतो, हे पटायला थोडा वेळ लागतो. काखेजवळचा मुंढा हाताला फिरायला मोकळं ठेवतो, खोल मुंढा हाताबरोबर अख्खा वेस्टकोट उचलून नेतो. मागचा गळा शर्टाच्या कॉलरला चिकटून बसावा, मध्ये फट नको. शेवटचं बटण उघडं ठेवायची रीत आहे. एडवर्ड सातव्याच्या पोटामुळे ती पडली असं सांगतात. खरंखोटं काही असो, पुढची कड शेवटच्या काजाशी बाहेर वळवून कापलेली असते, त्यामुळे ते बटण लावलं की कापड ओढलं जातं. खाली सरळ कापलेला किंवा दोन रांगा बटणांचा वेस्टकोट असेल तर सगळी लावावीत.

रंगाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. काळा वेस्टकोट, पांढरा शर्ट, काळी पँट हा मेळ टाळावा. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये वाढप्यांचा गणवेश हाच असतो, आणि तो त्यांना छान दिसतो. पण स्टार्टर्सच्या गर्दीत थकलेला कुणी काका पाहुण्याला पाणी मागतो, मग दोघंही ओशाळतात, आणि ती ओशाळगत कुणाच्याच वाट्याला येऊ नये. मध्यम राखाडी, हवाईदलाच्या गणवेशाजवळ जाणारा निळा, गडद हिरवा, तपकिरी हे रंग संध्याकाळच्या उजेडात चांगले उठतात. पँट वेगळ्या रंगाची घ्यायची असेल तर फरक पोतातही असू द्यावा, जसं राखाडी गुळगुळीत पँटवर निळा, जरा खरखरीत विणीचा वेस्टकोट. दोन्ही गुळगुळीत आणि रंग जवळजवळ सारखे असले की दोन वेगळ्या सुटांतले भाग एकत्र आल्यासारखे दिसतात. बारीक चौकड्या मोहक असतात, पण व्हिडिओत त्या लाटांसारख्या हलतात, म्हणून रिसेप्शनला नको.

शर्ट सुती पॉपलिनचा, लांब बाह्यांचा. वेस्टकोट अंगाला लागून असल्याने रोजचा ढगळ शर्ट त्याच्याखाली गोळा होतो आणि बाह्या फुगतात, तेव्हा शर्टही बेताचा हवा आणि लांबीला नेहमीपेक्षा दोन इंच जास्त, म्हणजे खोचलेला निघत नाही. डाव्या छातीवर खिसा नको, वेस्टकोटाखाली त्याची कड उमटते. कॉलरची टोकं वेस्टकोटाच्या कडेखाली जायला हवीत, त्यामुळे फार आखूड कॉलर चालत नाही. टाय लावावा. टायशिवाय उघड्या गळ्याचा वेस्टकोट लोक घालतात, पण मग तो समारंभाचा राहत नाही, आणि समारंभासाठीच तर तो घातला. टायचं टोक वेस्टकोटाखालून बाहेर दिसू नये. अस्तर पॉलिस्टरचं असेल तर कापड कितीही हलकं घेतलं तरी अर्ध्या तासात पाठ ओली होते. व्हिस्कोसचं किंवा सुती कॅम्ब्रिकचं अस्तर मागून घ्यावं, ते दुकानातून आणून द्यावं लागलं तरी द्यावं. लिननचा वेस्टकोट उन्हाळ्यात थंड, पण कारमध्ये तासभर बसून आल्यावर पोटावर सुरकुत्यांचं जाळं होतं. टेरिवूल मला त्यातल्या त्यात योग्य वाटतं: घडी सुटते, आकार राहतो, गरमी सहन होण्याइतकीच.

कोट गेला की खिसेही जातात, हे शेवटच्या क्षणी लक्षात येतं. आहेराचं पाकीट ठेवायचं कुठे? वेस्टकोटाचे बाहेरचे खिसे तीन इंच खोल, त्यात पाकीट अर्धं बाहेर राहतं. पँटच्या मागच्या खिशात ते बसल्यावर मोडतं, आणि वाकडं झालेलं पाकीट नवरीच्या हातात देताना मन खट्टू होतं. डाव्या बाजूला आतून, अस्तरावर, सव्वाचार इंच रुंद आणि सात इंच खोल उभा खिसा सांगावा. मास्तरांचं दहा मिनिटांचं काम आहे, पण अस्तर लावण्याआधी सांगायला हवं. त्यात पाकीट सपाट राहतं. फोन त्यात ठेवू नये, त्याच्या वजनाने एक बाजू खाली ओढली जाते. फोन पँटच्या बाजूच्या खिशात. किल्ल्या गाडीवाल्या भावाकडे.

या सगळ्याची परीक्षा ट्रायलला घ्यावी, आणि त्यासाठी लग्नसराईत कापड किमान तीन आठवडे आधी टाकावं, म्हणजे कच्च्या शिलाईवर एकदा घालून पाहता येतं. ट्रायलला जाताना रिसेप्शनचाच शर्ट, तेच बूट, तीच पँट, गॅलिस असतील तर तेही. लोक आरशासमोर ताठ उभे राहतात, 'छान आहे' म्हणतात आणि कपडे बदलतात. त्याऐवजी पायाच्या बोटांना हात लागेल असं वाकावं, अगदी नमस्काराला वाकतो तसं, आणि सोबत आलेल्या माणसाला मागून पाहायला सांगावं. मग दोन्ही हात वर, मित्राच्या खांद्यावर हात टाकतो तेवढे आणि वरातीत नाचतो तेवढेही. मग स्टुलावर बसून गळा वर येतो का ते पाहावं. उभं राहिल्यावर वेस्टकोट हात न लावता जागेवर परत यायला हवा. येत नसेल तर कुठे अडकतो ते मास्तरांना दाखवावं. काखेत अडकत असेल तर मुंढा, कमरेवर चढून बसत असेल तर सीटच्या वरचा घेर तंग आहे, बाजूच्या शिवणी खालून अर्धा-पाऊण इंच मोकळ्या केल्या की तो खाली घसरतो. कच्च्या शिलाईत हे होतं. पक्की शिलाई झाल्यावर मुंढा मोठा करता येतो, लहान करता येत नाही.

समारंभानंतर वेस्टकोट रात्रभर हँगरला मोकळा टांगावा, घामाचा ओलावा जाईपर्यंत कपाटात बंद करू नये. ड्रायक्लीनला देताना पँट मळलेली नसली तरी दोन्ही एकत्रच द्यावीत. एकटा वेस्टकोट दोन-तीनदा धुऊन आला की त्याची छटा पँटपासून सुटते, आणि मग त्या पँटवर तो पुन्हा जुळत नाही.